जाहिरातीतला ‘तो’ काढायचा कसा?

इंग्रजीत नोकरीचा तपशील लिहिताना एक अडचण हमखास येते. ‘सुपरवायझर’ हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, पण पुढच्या वाक्यात सर्वनाम लागलं की ‘ही’ किंवा ‘शी’ यांतलं एक निवडावं लागतं. बरीच वर्षं लोक ‘ही’ लिहून मोकळे होत आणि त्यात स्त्रियाही आल्या असं मानत. कायद्याचंही तसंच आहे. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या १३ व्या कलमानुसार पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचा समावेश धरला जातो. कायद्याचा अर्थ लावण्यापुरतं हे पुरतं, पण वाचणाऱ्याचं मन या कलमाने चालत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टाउट आणि दासगुप्ता यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नकली मुलाखतीची मांडणी होती. नोकरीचं वर्णन सतत ‘ही’ वापरून केलं, तेव्हा स्त्रियांना ती जागा आपली वाटण्याचं प्रमाण आणि नोकरीची ओढ, दोन्ही कमी झाली. ‘ही ऑर शी’ किंवा लिंगनिरपेक्ष शब्द वापरले, तेव्हा तशी घट दिसली नाही.

यावर इंग्रजीचा स्वतःचा जुना उपाय म्हणजे एकवचनी ‘दे’, म्हणजे एकाच माणसासाठी वापरलेलं ‘they’. हे नवं फॅड आहे असा समज आहे, पण ऑक्सफर्ड शब्दकोशातली त्याची नोंद १३७५ च्या सुमाराची आहे. अनेकवचनी शब्द एका माणसासाठी वापरणं इंग्रजीला परकं नाही. ‘यू’ हे मुळात अनेकवचनच होतं. म्हणून तर समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ म्हणत नाहीत. ‘दे’चंही तसंच आहे. माणूस एक असला तरी क्रियापद अनेकवचनीच राहतं.

मग वाचताना अडखळायला होतं का? १९९७ मध्ये मानसशास्त्रज्ञ फोर्ट्श आणि गर्न्सबाखर यांनी वाचनाचा वेग मोजून हे तपासलं. वाक्यातला माणूस अनिश्चित असेल, म्हणजे ‘कोणताही ट्रकचालक’ अशा अर्थाने आलेला असेल, तर ‘दे’ असलेलं वाक्य लोकांनी न अडखळता वाचलं. वाक्य एखाद्या ठरावीक, ओळखीच्या व्यक्तीबद्दल असेल, तेव्हा मात्र वेग मंदावला. नोकरीच्या तपशिलातला माणूस अजून निवडलेलाच नसतो. तो अनिश्चितच असतो, म्हणून ‘दे’ तिथे चपखल बसतं. व्यक्ती ठरलेली असेल, तर तिला विचारून तिचं सर्वनाम वापरावं. तो प्रश्न वेगळा आहे.

तरीही सगळीकडे ‘ही’ काढून ‘दे’ ठोकणं ही वाईट पद्धत आहे. सरसकट बदल केला की ‘ही इज’चं ‘दे इज’ होतं, ‘ही रिपोर्ट्स’चं ‘दे रिपोर्ट्स’ होतं. ‘हर’ची तर दोन रूपं होतात, कुठे ‘देम’ तर कुठे ‘देअर’, आणि यंत्राला त्यांतला फरक कळत नाही. त्यामुळे आधी फक्त शोधावं आणि बदल हाताने करावेत. शोधताना पूर्ण शब्दच धरावा, नाहीतर ‘the’ आणि ‘then’ यांच्या पोटातले ‘he’ही सापडतात. मजकूर jd.txt सारख्या साध्या फाइलमध्ये असेल, तर टर्मिनलमध्ये शोधाची एवढी आज्ञा पुरते:

```
grep -nEiw 'he|she|him|his|her|hers|himself|herself' jd.txt
```

सापडलेल्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हा की इथे सर्वनाम लागतंच का? ‘सबमिट हिज रिपोर्ट’ऐवजी ‘सबमिट अ रिपोर्ट’ म्हटलं तर काहीच बिघडत नाही. कामांची यादी असेल, तर प्रत्येक ओळ थेट क्रियापदानेच सुरू करावी. कर्ता मथळ्यात आलेलाच असतो. सूचना असतील तर ‘यू’ने काम होतं, नियम सगळ्यांसाठी असेल तर अनेकवचनाने. एवढं करूनही जिथे सर्वनाम उरतं, तिथे ‘दे’ ठेवावं. अशी ठिकाणं अगदी थोडी निघतात.

खरी चूक होते ती वाक्यात दोन माणसं आली की. सुरक्षेच्या नियमांतलं हे वाक्य पाहा: ‘इफ ॲन एम्प्लॉयी इज इंजर्ड, ही मस्ट इन्फॉर्म हिज सुपरवायझर अँड ही मस्ट फिल द फॉर्म.’ फॉर्म भरायचा कुणी, जखमीने की सुपरवायझरने? हा घोळ मूळ वाक्यातच आहे. ‘ही’च्या जागी ‘दे’ घातलं की त्यात आणखी एक शक्यता वाढते, ती म्हणजे दोघांनी मिळून. अशा वेळी ‘दे’ला दोष देऊन ‘ही’कडे परतू नये, वाक्य तोडावं: ‘इफ यू आर इंजर्ड, टेल युअर सुपरवायझर. द सुपरवायझर फिल्स द फॉर्म.’ सर्वनामं शोधायला बसलं की जबाबदारी कुणाची हे न ठरलेल्या जागा आपोआप उघड्या पडतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता हीच जाहिरात मराठीत करायची झाली, तर इंग्रजीतला उपाय उचलून आणता येत नाही. मराठीत सर्वनाम बहुतेक वेळा गाळलेलंच असतं आणि लिंग क्रियापदात बसलेलं असतं. ‘उमेदवार पदवीधर असावा’ या वाक्यात ‘तो’ कुठेच नाही, तरी पुरुष दिसतो. ‘असावा/असावी’ अशी तिरकी रेघ मारली तर दर ओळीत ठेच लागते. अनेकवचनानेही पूर्ण सुटका होत नाही, कारण ‘असावेत’ हेही पुल्लिंगीच रूप आहे. स्त्रियांसाठी ‘असाव्यात’ होतं.

पण मराठीकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं आहेत. कर्त्याला ‘ने’, ‘ला’, ‘कडे’ लागलं की क्रियापद त्याचं लिंग सोडून देतं आणि दुसऱ्या शब्दाच्या मागे जातं. ‘उमेदवाराकडे वाणिज्य शाखेची पदवी असावी’ यातलं ‘असावी’ पदवीचं आहे. ‘उमेदवाराने अर्ज करावा’ यातलं ‘करावा’ अर्जाचं आहे. ‘उमेदवाराला टंकलेखन यावे’ यातलं ‘यावे’ टंकलेखनाचं आहे. तिन्ही वाक्यांत उमेदवार कोण, हे व्याकरण सांगतच नाही. भविष्यकाळही सोयीचा आहे, कारण ‘तो पाहील’ आणि ‘ती पाहील’ यांत क्रियापद एकच असतं. त्याउलट ‘पाहतो’ लिहिलं की लिंग उघड होतं. ‘त्याचे’ऐवजी ‘आपले’ किंवा ‘स्वतःचे’ लिहावं. सर्वनाम टाळता येत नसेल तर ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपं दोघांनाही चालतात, पण ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे पडतात. ‘हिशेब लिहिणारा पाहिजे’ ही दुकानावरची पाटी ‘णारा’मुळे अडते. ‘हिशेबनीस पाहिजे’ म्हटलं की झालं, कारण ‘पाहिजे’ला लिंगच नाही.

जखमी कामगाराचा तोच नियम मराठीत सहसा असा लिहिलेला असतो: ‘कर्मचारी जखमी झाला तर त्याने पर्यवेक्षकाला कळवावे व त्याने अर्ज भरावा.’ तो असा करता येतो: ‘कर्मचाऱ्याला इजा झाल्यास पर्यवेक्षकाला लगेच कळवावे. अपघाताचा अर्ज पर्यवेक्षकाने भरावा.’ ‘झाला तर’चं ‘झाल्यास’ केलं की लिंग गेलं. दोन्ही ‘त्याने’ गळले आणि अर्ज कुणाचं काम, तेही ठरलं.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. प्रसूती रजेचा नियम स्त्रियांसाठीच्या कायद्यावर आधारलेला असतो. तिथे ‘महिला कर्मचारी’ हेच लिहावं. लिंग पुसायच्या नादात तिथे ‘कर्मचारी’ एवढंच ठेवलं, तर रजा कुणाला लागू आहे हेच वाचणाऱ्याला कळणार नाही.