लोंबत्या दिव्याचे चित्र : खोलीतला उजेड नेमका कोणाचा?

दुधी काचेचा 30 सेंटीमीटर व्यासाचा गोळा, आत 800 ल्युमेनचा बल्ब, गोळ्याच्या मध्यापासून पाऊण मीटर खाली लाकडी टेबल आणि दोन मीटरवर पांढरी भिंत. इतर दिवे बंद असतील, तर थेट उजेडाच्या हिशेबाने गोळा टेबलाच्या सुमारे 80 पट आणि भिंतीच्या सुमारे 250 पट प्रखर भरतो, म्हणजे सहा ते आठ स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. स्लाइड फिल्म जेमतेम पाच-सहा स्टॉप पेलत असे. त्यामुळे खोली दिसेल असे एक्स्पोजर दिले की गोळ्याची पांढरी चकती होई, आणि गोळा सांभाळला की खोली काळवंडे.

यावर स्टुडिओंनी काढलेली तोड म्हणजे एकाच फिल्मवर दोन एक्स्पोजर. आधी दिवा बंद ठेवून फ्लॅशने खोली टिपायची, मग अंधार करून फक्त दिवा काही सेकंद पेटवायचा. 60 वॉटच्या जागी 15 वॉटचा बल्ब लावणे आणि टेबलावरचा उजेड चौकटीबाहेरच्या दुसऱ्या दिव्याने पाडणे हेही सर्रास चाले. चित्रात पेटलेला दिवा आणि खोली उजळणारा दिवा वेगळे असण्याची सवय अशी जुनी आहे.

डिजिटल कॅमेऱ्याने तीच युक्ती संगणकातील थरांवर नेली. 2006 मध्ये एका स्वीडिश फर्निचर विक्रेत्याच्या कॅटलॉगमध्ये संगणकावर बनवलेली खुर्ची छापली गेली आणि पुढे दिवेही रेंडर होऊ लागले, म्हणजे त्यांची चित्रे कॅमेऱ्याऐवजी संगणक हिशेबाने काढू लागला.

अशा चित्रात दिव्याचा उजेड कसा दाखवावा, हा खरा वाद येथे सुरू होतो, आणि त्याच्या मुळाशी आयईएस फाइल आहे. 1986 पासून प्रचलित असलेले हे स्वरूप प्रकाशयोजना करणाऱ्या अभियंत्यांसाठी आहे. दिव्यातून कोणत्या कोनात किती कँडेला, म्हणजे किती तीव्रतेचा प्रकाश, बाहेर पडतो, एवढेच त्यात नोंदलेले असते. रेंडर करणाऱ्यांतला एक पक्ष काचेला नुसती चकाकी देतो आणि खोलीसाठी ही फाइल जोडलेला अदृश्य दिवा गोळ्यात ठेवतो. मात्र मोजणी शेडसह झालेली असल्याने काचेने शोषलेला उजेड त्या आकड्यांतून आधीच वजा झालेला असतो. अदृश्य दिव्याचा प्रकाश पुन्हा काचेतून जाऊ दिला, तर ती वजावट दोनदा होते. शिवाय मोजणी दुरून केलेली असते, जणू सारा प्रकाश एका बिंदूतून येतो आहे. प्रत्यक्षात एवढा मोठा गोळा टेबलावरच्या कपाची सावली मऊ कडेची पाडतो, तर चित्रात ती सुरीने कापल्यासारखी येते. सावली पाहिली की लबाडी कळते.

दुसरा पक्ष काचेला खरी जाडी देऊन आत लहानसा बल्ब ठेवतो आणि किरणांना काचेत विखुरू देतो. यात चित्र दाणेदार येते आणि ते निवळायला तासन्‌तास जातात, हा आक्षेप रास्त आहे. तरीही दिवा विकायचा असेल तर प्रस्तुत लेखकाला हाच मार्ग प्रामाणिक वाटतो. आठ स्टॉपचे गणित मात्र यातही सुटत नाही. छपाईसाठी गोळा हाताने मंद केला जातो, आणि पॉलिश केलेल्या टेबलातले त्याचे प्रतिबिंब तसेच राहिले, तर ते मूळ दिव्याहून प्रखर दिसते.