परदेशातल्या मित्राला गेम गिफ्ट करायचाय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

आमच्या विश्रामबागच्या दुकानात हा प्रश्न घेऊन येणारी पोरं आता बरीच झालीत, म्हणून एकदाच कागदावर उतरवून काढलं. मित्र जर्मनीला शिकायला गेलेला असतो, त्याचा वाढदिवस येतो, इकडून त्याला स्टीमवरचा गेम पाठवायचा असतो, यूपीआय चालू असतं, खात्यात पैसे असतात, आणि ऐन वेळेला स्टीम म्हणतं की ह्या माणसाला हे गिफ्ट पाठवता येणार नाही. मग पहिला संशय बँकेवर, दुसरा आमच्या वायफायवर. दोघांचाही काही संबंध नसतो. खरी भानगड गेमच्या किमतीची असते.

किमतीची भानगड म्हणजे काय

एकच गेम प्रत्येक देशात वेगळ्या भावाने विकला जातो. भारतात स्टीमवर २०१५ पासून रुपयात किमती दिसतात आणि बरेच पब्लिशर इथल्या गिऱ्हाइकाचा खिसा बघून भाव कमी ठेवतात. आता भारतातून घेऊन जर्मनीत सहज पाठवता आलं असतं तर जर्मनीतल्या कोणी तिकडच्या भावाने गेम घेतलाच नसता, सगळ्यांनी सांगलीत एक मित्र शोधला असता. ते होऊ नये म्हणून स्टीमने नियम केलाय: दोन देशांतल्या किमतीत फार फरक असेल तर स्वस्त देशातून महाग देशात गिफ्ट जात नाही. उलट दिशेला, म्हणजे महाग देशातून स्वस्त देशात, सहसा अडत नाही. त्यामुळे जर्मनीतला मित्र तुम्हाला तोच गेम आरामात पाठवू शकतो आणि तुम्ही त्याला नाही, हे वाचायला विचित्र वाटतं पण असंच आहे.

एक जुनी गोष्ट पण सांगून ठेवतो कारण अजून लोक जुने व्हिडिओ बघून येतात. पूर्वी गिफ्ट घेऊन आपल्या इन्व्हेंटरीत ठेवून देता यायचं, सेलमध्ये चार कॉपी घ्यायच्या आणि पुढे वाटायच्या, किंवा ईमेलवर पाठवायचं. मे २०१७ मध्ये ते बंद झालं. आता गिफ्ट थेट फ्रेंडलिस्टमधल्या एका माणसाच्या नावानेच घ्यावं लागतं, आणि कोणाला द्यायचंय हे आधीच माहीत असल्यामुळे स्टीम दोघांच्या देशांचे भाव पैसे घ्यायच्या आधीच ताडून बघतं. त्यामुळे पैसे अडकायची भीती नाही. जाणार नसेल तर पेमेंटच्या आधीच कळतं.

एक उदाहरण घेऊ

समजा तुम्ही मिरजेत, तुमचा मित्र ओंकार म्युनिकमध्ये. गेमचा भाव भारतात १,३०० रुपये, जर्मनीत ३० युरो. हिशोब सोपा जावा म्हणून १ युरो १०० रुपये धरू, म्हणजे तिकडे ३,००० रुपये झाले. (आकडे नुसते समजण्यासाठी आहेत, प्रत्येक गेमचे वेगळे असतात.) एवढ्या फरकात गिफ्ट जाणार नाही हे जवळजवळ नक्की.

आता बरीच पोरं म्हणतात की काका, थांबू, समर सेलला घेऊ, तेव्हा स्वस्त होईल मग जाईल. नाही जाणार. कारण सेलमध्ये डिस्काउंट टक्क्यात असतो आणि तो सगळ्या देशांत सारखाच लागतो. ५० टक्के सुटला तर तुमच्याकडे ६५०, त्याच्याकडे १५ युरो म्हणजे १,५००, दोन्ही भाव अर्धे झाले पण तो अजून तुमच्या दुपटीहून जास्तच देतोय. सेलमुळे तुमचे पैसे वाचतील, गिफ्टची अडचण आहे तिथेच राहील.

मग जातं कधी? जेव्हा पब्लिशरने भारतात भाव फारसा कमी ठेवलेलाच नसतो तेव्हा. काही मोठ्या कंपन्यांचे नवीन गेम भारतात पण जवळपास तिकडच्याच भावाला असतात, आपण एरवी त्यावर वैतागतो, पण गिफ्टला तेच गेम चालतात. म्हणून आम्ही सांगतो की घ्यायच्या आधी मित्राकडून त्याच्या स्टोअरमधल्या भावाचा स्क्रीनशॉट मागवा आणि आपल्या भावाशी ताडून बघा. सरप्राइज द्यायचं असेल तर स्क्रीनशॉट मागवायची पण गरज नाही, गेम कार्टमध्ये टाका, तिथे यादीतून This is a gift निवडा आणि मित्राचं नाव निवडून बघा, जात नसेल तर तिथेच समजतं, एक रुपया पण कटत नाही. आमच्याकडे आलात तरी सगळ्यात आधी हेच करून बघतो.

माणूस कुठे आहे ते नाही, अकाउंट कुठलं आहे ते बघतात

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांच्या लक्षात येत नाही. ओंकार विमानात बसून म्युनिकला उतरला म्हणून त्याचं स्टीम अकाउंट लगेच जर्मन होत नाही. अकाउंटला एक देश लागलेला असतो आणि तो बदलायला त्या देशातल्या कार्डाने किंवा खात्याने पैसे भरून खरेदी करावी लागते. नुकताच गेलेला असेल, तिकडचं बँक खातं अजून उघडायचं असेल, तर त्याचं अकाउंट अजून भारताचंच असायची शक्यता जास्त, आणि मग तुमचं गिफ्ट भारतातून भारतात गेल्यासारखं सरळ जाईल. त्याला Account details उघडून तिथे Country पुढे काय लिहिलंय ते बघायला सांगा, बाकी अंदाज बांधत बसू नका.

पण अकाउंटचा देश मुद्दाम अडकवून ठेवा असं आम्ही सांगत नाही. राहायला गेलात की तिथला देश लावायचा असतो, आणि तीन महिन्यांत एकदाच बदलता येतो, म्हणजे आज जर्मनी, उद्या भारत, परवा परत जर्मनी असं चालत नाही. लायब्ररीत आधी आलेले गेम मात्र देश बदलला तरी तसेच राहतात.

व्हीपीएन लावून देश बदलून द्या म्हणून विचारणारे येतात. ते आम्ही करत नाही. स्टीमच्या करारातच लिहिलंय की राहता तो देश लपवायचा नाही, आणि त्यात अकाउंट अडकलं तर एका गेमच्या नादात वर्षानुवर्षांची लायब्ररी गेली. तुर्कीच्या अकाउंटवरून स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्यांचं पण ऐकू नका, नोव्हेंबर २०२३ पासून तुर्की आणि अर्जेंटिनाचे भाव स्टीमने डॉलरमध्ये नेले, तिथला जुना स्वस्ताईचा धंदा तेव्हाच मोडला.

भाव जुळतात तरी जात नाही, असं पण होतं

जर्मनीचं उदाहरण मुद्दाम घेतलं कारण तिथे दुसरी एक आडकाठी आहे. नोव्हेंबर २०२४ पासून ज्या गेमला वयोगटाचं रेटिंग नाही तो स्टीम जर्मनीतल्या गिऱ्हाइकांना दाखवतच नाही. छोट्या डेव्हलपरने रेटिंगचा फॉर्म भरला नसेल तर तिकडे तो गेम दुकानात नाहीच, मग गिफ्ट कुठून जाणार. हे ओळखायला सोपं आहे: गेमच्या पानाची लिंक मित्राला पाठवा, त्याच्याकडे पान उघडलं आणि भाव दिसला तर ठीक, हा गेम तुमच्या देशात मिळत नाही असं आलं तर भावाचा विषयच संपला, दुसरा गेम शोधा. सरप्राइज थोडं फुटेल, इलाज नाही.

बाहेरच्या साइटवरून घेतलेल्या कोडचं पण तसंच. कोडलाच देश बांधलेला असू शकतो, आणि तो चालला नाही तर पैसे परत मागायला स्टीमकडे जाता येत नाही कारण स्टीमने तो विकलेलाच नसतो. विकणाऱ्याने कुठल्या देशांत चालेल ते लिहिलं नसेल तर आम्ही तरी घेऊ नका म्हणतो.

गेम जात नसेल तर पैसे पाठवा

ह्याला स्टीमचं डिजिटल गिफ्ट कार्ड आहे. तुम्ही रुपयात ठरावीक रकमेचं कार्ड घ्यायचं, मित्राच्या वॉलेटमध्ये ती रक्कम त्याच्या चलनात, इथे युरोत, बदलून जमा होते आणि तो तिकडच्या भावाने गेम घेतो. म्हणजे वरच्या हिशोबात तुम्हाला १,३०० नाही तर ३,००० च्या आसपास खर्च येणार. काही जणांचा चेहरा इथे पडतो, पण परदेशातल्या मित्राला तिकडचा गेम द्यायचा तर तिकडचा भाव लागणार, किंवा मग अर्धे तुम्ही द्या अर्धे तो घालेल, तसं सांगून केलं तरी चालतं की.

कार्डाला दोन अटी आहेत. तो माणूस तुमच्या फ्रेंडलिस्टमध्ये किमान ३ दिवस असायला हवा, म्हणून वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळी नवीन फ्रेंड रिक्वेस्ट टाकून आलात तर आम्ही पण काही करू शकत नाही. आणि हे कार्ड आपल्या स्टीम वॉलेटमधल्या शिलकीतून घेता येत नाही, पैसे बाहेरूनच भरावे लागतात.

तुमचं अकाउंट अगदी नवीन असेल, त्यावर कधी काहीच घेतलं नसेल तर रिक्वेस्ट पाठवायचीच बंदी असते, ५ डॉलरच्या बरोबरीची रक्कम खर्च केल्यावर किंवा वॉलेटमध्ये भरल्यावर ती सुटते. तोपर्यंत मित्राला सांगा रिक्वेस्ट त्याने टाकावी.

पाठवल्यानंतर

गेम गेलाच तर मित्राला मेल आणि स्टीमवर नोटिफिकेशन येतं. त्याने घेतला की गेम कायमचा त्याचा, तुम्हाला परत घेता येत नाही आणि त्यालाही पुढे कोणाला देता येत नाही. नको म्हणाला तर पैसे तुम्हाला परत येतात. ३० दिवसांत बघितलंच नाही तरी परत येतात. घेतल्यावर आवडला नाही तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर रिफंड मिळतो, पण अर्ज त्याने करायचा आणि पैसे येणार तुमच्याकडे. हे दोघांनी आधी बोलून घ्या, नाहीतर पैसे कोणाचे यावरून वाद होतात, आम्ही बघितलेत. तारीख लावून आधीच गिफ्ट ठेवून देता येतं, त्यामुळे तिकडच्या सकाळी मिळावं म्हणून रात्री जागत बसायची गरज नाही.

प्लेस्टेशनवाल्यांसाठी एकच ओळ: तिथे मित्राला थेट गेम पाठवायची सोयच नाही, कार्डाचा कोड द्यावा लागतो, आणि तो मित्राच्या अकाउंटच्या देशाचाच हवा. इथल्या दुकानात मिळणारं रुपयाचं कार्ड जर्मन अकाउंटवर चालणार नाही.

दुकानात येताना स्वतःचा फोन चार्ज करून आणा, लॉगिनला Steam Guard चा कोड त्यावरच येतो. पासवर्ड आम्हाला सांगू नका, कीबोर्ड तुमच्याकडे देतो, तुम्हीच टाका, आणि काम झाल्यावर लॉगआउट केलंय का ते तुमच्या डोळ्यांनी बघून मगच उठा. आम्ही शेजारी बसून दाखवायचे ५० रुपये घेतो, गिफ्ट जाणार नाही असं निघालं तर तेही नाही.