राउंड रॉबिन डीएनएस

एकाच नावाला दोन-तीन सर्व्हरचे ए रेकॉर्ड, म्हणजे आयपी पत्ते, लावायचे आणि डीएनएस सर्व्हरने दरवेळी त्यांचा क्रम फिरवून द्यायचा, याला राउंड रॉबिन डीएनएस म्हणतात. बरेचसे क्लायंट यादीतला पहिला आयपी धरतात, त्यामुळे लोक आपोआप वाटले जातात. वेगळं मशीन लागत नाही म्हणून छोट्या साइटवाल्यांना हे फार आवडतं, पण याला लोड बॅलन्सिंग म्हणणं मला पटत नाही.

समजा सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीच्या सौद्याचे भाव दाखवणारी साइट आहे, सर्व्हर तीन आणि टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर किती वेळ साठवून वापरायचं ती मुदत, ३६०० सेकंद, एक तास.

```
$ dig +short bhav.example.com
203.0.113.10
203.0.113.20
203.0.113.30
```

सौदे ऐन रंगात असताना ११ वाजता `.20` वरचं ॲप पडलं, पण त्याच्यापुढचा वेब सर्व्हर एनजिनएक्स चालूच आहे आणि तो ५०२ ही एरर देतोय, म्हणजे मागचं ॲप नीट उत्तर देत नाही. मशीनच बंद असतं तर ब्राउझरने थोडं थांबून पुढचा आयपी तरी धरला असता, इथे मात्र कनेक्शन लागलं, उत्तर आलं, ब्राउझरच्या दृष्टीने काम झालं, तो दुसरीकडे बघतच नाही. डीएनएसला तर यातलं काहीच कळत नाही, तो `.20` वाटतच राहतो. मग एक अडत्या फोन करतो की साइट बंद आहे, शेजारचा म्हणतो माझ्याकडे तर चालतीय की. असं अर्धवट चित्र दिसलं की एकेक आयपी वेगळा तपासायचा:

```
curl -sI --resolve bhav.example.com:443:203.0.113.20 https://bhav.example.com/
```

सापडलं, ११:१० ला रेकॉर्ड काढला. पण लोकांच्या वतीने डीएनएसला विचारून उत्तर साठवणाऱ्या ज्या रिझॉल्व्हरने ११:०९ ला यादी नेली तो ती १२:०९ पर्यंत वापरू शकतो, आणि आता टीटीएल कमी करून त्या जुन्या कॉपीला काही फरक पडत नाही, ते आधीच करून ठेवायला हवं होतं. ६० सेकंद ठेवला तरी काही रिझॉल्व्हर स्वतःची किमान मुदत लावतात.

वाटणीही सारखी होत नाही. एका मोबाईल कंपनीचा रिझॉल्व्हर हजारो फोनना तीच साठवलेली यादी देतो, क्रम तो फिरवेलच असं नाही, आणि कधी कधी फोनची सिस्टीमच पत्ते आपल्या नियमाने लावून घेते. शिवाय एका भावासाठी आलेला शेतकरी आणि वर्षभराचा रिपोर्ट काढणारा व्यापारी डीएनएसला एकसारखेच.

एचएप्रॉक्सीसारखा खरा लोड बॅलन्सर सर्व्हरला स्वतः विचारतो. `check` लावला की मूळ सेटिंगमध्ये दर २ सेकंदांनी तपासतो आणि सलग ३ वेळा फेल झाला की त्याला बाजूला काढतो, म्हणजे साधारण ६ सेकंदांत. फक्त त्यात `option httpchk` लावायला विसरू नका, नाहीतर तोही नुसतं पोर्ट उघडं आहे एवढंच बघतो आणि वरचा ५०२ देणारा सर्व्हर त्यालाही ठणठणीत वाटतो.