उंच-रुंद माल ट्रेलरवर: मार्ग कसा ठरवायचा, परवानगी कोणाकडे मागायची

न्हावा-शेवा बंदरात एक यंत्र उतरले आहे आणि ते चाकणला न्यायचे आहे, असे उदाहरण घेऊ. यंत्राची उंची 3.5 मीटर, रुंदी 3.2 मीटर आणि वजन 30 टन. ते सुटे करता येत नाही. लो-बेड ट्रेलरचा पाट जमिनीपासून 0.95 मीटरवर असेल, तर एकूण उंची 4.45 मीटर होते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 93 प्रमाणे वाहनाची रुंदी 2.6 मीटरपर्यंत आणि सर्वसाधारण मालवाहू वाहनाची उंची 4 मीटरपर्यंत चालते. त्यामुळे हा माल ओडीसीत, म्हणजे ठरलेल्या मापांबाहेरच्या ओव्हर डायमेन्शनल कार्गोत मोडतो. ट्रेलर ओढणारे वाहन म्हणजे पुलर, आणि ट्रेलर मिळून 20 टनांचे असतील, तर एकूण वजन 50 टन होईल. सहा आसांच्या जोडवाहनाला 55 टनांपर्यंत मुभा असल्याने एकूण वजन मर्यादेत बसते. मात्र प्रत्येक आसावर किती भार येतो ते वेगळे तपासावे लागते. ओडीसीची परवानगी फक्त न विभागता येणाऱ्या मालाला मिळते. दोन खोकी एकावर एक रचून उंची वाढवली असेल, तर ती खाली उतरवा. अर्ज करून उपयोग नाही.

अर्जाआधी मोजमाप करा, तेही माल चढवून, साखळ्या आवळून आणि टायरमध्ये योग्य हवा भरून. यंत्राच्या कागदावरची उंची पॅकिंगच्या लाकडाशिवायची असू शकते. वजनाची पावती काट्यावरून घ्या.

राष्ट्रीय महामार्गासाठी अर्ज `morth-owc.nic.in` या संकेतस्थळावर करतात. त्यासाठी पुलर आणि ट्रेलर दोन्हींची आरसी, फिटनेस, विमा, परमिट व पीयूसी, मालाचे इनव्हॉइस, आसनिहाय भार दाखवणारे लोडिंगचे रेखाचित्र आणि गावांच्या नावांसह पूर्ण मार्ग तयार ठेवा. मार्गात राज्य महामार्ग किंवा जिल्हा मार्गाचा तुकडा असेल, तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या त्या भागातील कार्यकारी अभियंत्याला वेगळे पत्र द्यावे लागते. विद्युतीकरण झालेले रेल्वे फाटक ओलांडायचे असेल आणि माल तिथल्या उंचीच्या कमानीखालून जात नसेल, तर रेल्वेच्या विभागीय कार्यालयाची मंजुरी घ्या. ते तारेतला प्रवाह ठरलेल्या वेळी बंद करतात, म्हणून हे पत्र सर्वांत आधी पाठवा.

शहराची नो एंट्री ही स्वतंत्र बाब आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली निघालेला प्रवेशबंदीचा आदेश ओडीसीच्या परवानगीने रद्द होत नाही. शहरातून जाणे टळत नसेल, तर वाहतूक शाखेच्या पोलिस उपायुक्तांकडे तारीख, वेळ आणि रस्ता लिहून सूट मागा. एका महिन्याच्या आतल्या तात्पुरत्या बंदीला राजपत्रातली प्रसिद्धी लागत नाही. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नका, निघण्याच्या आदल्या दिवशी वाहतूक शाखेकडे चौकशी करा. पावसाळ्यात वरंधसारख्या घाटांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश येतात, तेही पाहा.

आता ई-वे बिल. इथे गाड्या उगाच अडकतात. भाग ब भरताना वाहनाचा प्रकार `Over Dimensional Cargo` निवडला, तर दर 20 किमीला एक दिवस मिळतो. साध्या प्रकारात 200 किमीला एक दिवस. अंतर 115 किमी धरले, तर ओडीसीत सहा दिवसांची मुदत मिळते आणि साध्यात एकच. ट्रेलर रात्री थांबत, नो एंट्रीची वेळ पाळत जाणार असेल, तर एका दिवसात पोहोचणे अवघड. मुदत वाढवायची असल्यास ती संपण्याच्या आठ तास आधीपासून ते संपल्यानंतर आठ तासांपर्यंतच वाढवता येते.

परवानगी हातात आली तरी मार्ग एकदा लहान गाडीने पाहून या. मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा वाहनाची उंची विचारत नाही. पुलाच्या फलकावर 4.6 मीटर लिहिले असले, तरी फलक लावल्यानंतर डांबराचे थर चढले असतील तर खालची जागा कमी झालेली असते. खोलगट बोगद्यात लांब ट्रेलर आणखी फसवतो. पुढची आणि मागची चाके चढावर असतात, मधला भाग खोलगट रस्त्यापासून जास्त उंच राहतो आणि मालाचा माथा तुळईला लागतो. म्हणून मोजपट्टीची काठी लावून प्रत्यक्ष उंची घ्या आणि किमान 15 सेंटीमीटर मोकळे ठेवा. आपल्या 4.45 मीटरच्या मालाला 4.6 मीटर ही अगदी काठावरची जागा आहे. तुळई खोलगट भागात असेल तर तो मार्ग सोडावा. माल उतरवून परतताना स्प्रिंग वर येतात, त्यामुळे उंच बॉडीचा ट्रक जाताना निघाला तिथेच रिकामा अडकू शकतो.

वजनाचे फलक दोन प्रकारचे असतात. गोलात नुसता टनांचा आकडा असेल, तर तो संपूर्ण वाहनाच्या वजनाचा. आकड्याखाली आसाचे चित्र असेल, तर एका आसावरच्या भाराचा. आपला 50 टनांचा ट्रेलर दुसरा फलक कदाचित पार करेल, पण 20 टनांचा पहिला फलक दिसला तर कितीही आस असले तरी थांबायचे.

परवानगीशिवाय माल उंचीत किंवा बाजूला बाहेर आला, तर कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आहे. जादा वजनाला 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. वजन करून घ्यायला नकार दिल्यास 40,000.