मुलाखत झाली पण निकाल कळला नाही? संस्थेला पत्र असं लिहा

खाजगी शाळेत किंवा पतसंस्थेत मुलाखत झाली, "कळवतो" म्हणाले आणि नंतर काहीच नाही, असं झालं की लोक फोन करत बसतात. फोनची कुठे नोंद राहत नाही, म्हणून लेखी पत्र द्या. मुलाखतीला हजर असलेला कुणीही उमेदवार ते देऊ शकतो, फक्त कळवायची सांगितलेली मुदत उलटू द्या, आणि मुदत सांगितलीच नसेल तर साधारण पंधरा दिवस थांबा. पतसंस्थेत निवडीचा विषय बहुतेक वेळा संचालक मंडळाच्या सभेत जातो, त्यामुळे सभा व्हायच्या आधी ऑफिसमधल्या कुणाला उत्तर देताच येत नाही.

पत्र कुणाच्या नावे हे लोक हमखास चुकतात. शाळेत मुलाखत मुख्याध्यापकांनी घेतली तरी नेमणूक संस्था करते, म्हणून पत्र संस्थेच्या सचिवांना आणि एक प्रत मुख्याध्यापकांना. पतसंस्थेत मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा व्यवस्थापक, जे पद असेल ते.

समजा १० जूनला विज्ञान शिक्षक पदाची मुलाखत झाली, तर वर दिनांक, स्वतःचा पत्ता, मोबाईल आणि "प्रति, मा. सचिव" लिहून पुढे असं:

विषय : विज्ञान शिक्षक पदाच्या मुलाखतीचा निकाल कळविणेबाबत.
संदर्भ : आपले मुलाखत पत्र, दि. ३ जून.

महोदय,
वरील पदासाठी मी दि. १० जून रोजी आपल्या विद्यालयात मुलाखतीस व पाठ सादरीकरणास उपस्थित होतो. निकाल अद्याप मला कळालेला नाही. तरी माझी निवड झाली आहे किंवा कसे, तसेच प्रतीक्षा यादीत नाव असल्यास त्याचा क्रमांक, लेखी कळवावा ही विनंती.
आपला विश्वासू,
(सही व नाव)

एवढंच पुरे. घरची परिस्थिती, "मला संधी द्यावी" वगैरे यात घालू नका, कारण मग ते नोकरीच्या विनंतीचं पत्र होतं आणि निकालाचा प्रश्न बाजूला पडतो. प्रतीक्षा यादीचं मात्र जरूर विचारा, निवडलेला उमेदवार हजर झाला नाही तर पुढचा नंबर त्यातूनच लागतो.

सोबत मुलाखत पत्राची झेरॉक्स जोडा, अर्जाची पोच असेल तर तीही. ओरिजिनल सर्टिफिकेट अजिबात देऊ नका. पत्राच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

तरीही उत्तर नाही आलं तर अनुदानित शाळेत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, महाराष्ट्रात फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पतसंस्थेला हा मार्ग सहसा चालत नाही, सरकारचं भरीव अर्थसहाय्य किंवा नियंत्रण नसलेल्या सहकारी संस्था या कायद्यात येत नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे, तिथे अध्यक्षांच्या नावे पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या.