सॅनिटायझरचा उग्र वास

“ज्या सॅनिटायझरचा वास जास्त उग्र, तो जास्त जंतू मारतो.”

जंतू मारतो तो अल्कोहोल. त्याचं प्रमाण किमान 60 टक्के हवं. सुगंध मिसळतात तो अल्कोहोलचा झोंबरा वास झाकायला. अल्कोहोल काही सेकंदांत उडतं, जड सुगंधी द्रव्यं मात्र त्वचेवर रेंगाळतात, म्हणून वास टिकतो.

लेबलवर अल्कोहोलची टक्केवारी पाहा, वास नव्हे.

अल्कोहोल त्वचेवरचं तेलही ओढून घेतं. आधीच कोरड्या, भेगाळलेल्या हातांना ते झोंबतं आणि त्याच भेगांतून सुगंधी द्रव्यं आत शिरून काहींना खाज, पुरळ आणतात. अशांनी सुगंध न मिसळलेला, ग्लिसरीन असलेला सॅनिटायझर घ्यावा. हात सुकल्यावर मलम चोळावं.