स्थळ काढायचं आहे? डिलीट करू नका, बंद करा

आमच्या प्रणालीवर संकेतस्थळ किंवा ॲप चालवणाऱ्या वधू-वर सूचक मंडळांसाठी माहितीपत्रक

मंडळांकडून आम्हाला दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एक म्हणजे, "कोणीतरी आमच्या साइटवर खोटं स्थळ टाकलं, त्यात आमचा काय दोष?" आणि दुसरा, "तुमच्या ॲडमिन पॅनेलमध्ये कायमचं डिलीट करायचं बटण का नाही?" दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ मध्ये आहे. नोंदणी करणारा माणूस स्वतः माहिती भरतो, फोटो चढवतो, निरोप पाठवतो. तुम्ही त्याला फक्त जागा देता. म्हणून कायदा तुम्हाला मध्यस्थ मानतो आणि त्या माणसाने टाकलेल्या मजकुरासाठी तुम्हाला जबाबदार धरत नाही. यालाच वकील मंडळी सेफ हार्बर म्हणतात. हे संरक्षण आजच्या स्वरूपात आलं ते २००८ च्या दुरुस्तीने, आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. त्याआधी काय होत होतं हे बाझी डॉट कॉम प्रकरणात दिसलं. नोव्हेंबर २००४ मध्ये एका विक्रेत्याने त्या साइटवर अश्लील क्लिप विकायला ठेवली. शनिवारी संध्याकाळी जाहिरात चढली, सोमवारी सकाळी उतरली, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. अनेक वर्षं न्यायालयात गेल्यावर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची कार्यवाही रद्द केली.

मात्र कलम ७९ चं संरक्षण अटींवर मिळतं. तुम्ही स्वतः त्या गैरकृत्यात सामील असाल तर ते नाही. २०२१ च्या मध्यस्थ नियमांप्रमाणे योग्य ती दक्षता घेतली नाही, तर नियम ७ सरळ सांगतो की कलम ७९ तुमच्या मदतीला येणार नाही. आणि रीतसर आदेश मिळूनही मजकूर तातडीने काढला नाही, तरीही ते जातं. या शेवटच्या अटीत काही शब्द आहेत ज्यांच्याकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष जात नाही: मजकूर काढायचा तो पुराव्याला कोणत्याही प्रकारे धक्का न लावता. आमचा सगळ्यात जास्त वेळ याच शब्दांपायी जातो.

नेहमी घडतं ते असं. शनिवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मंडळाच्या तक्रार पेटीत एका मुलीचा मेल येतो. तिचा फोटो आणि मोबाइल नंबर वापरून कोणीतरी तिच्या नावाने स्थळ नोंदवलं आहे, आणि दोन दिवसांपासून तिला अनोळखी लोकांचे फोन येत आहेत. अशा तोतयेगिरीच्या तक्रारीला नियमांत वेगळी वागणूक आहे. पूर्वी २४ तासांची मुदत होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती २ तास झाली. त्या मुलीने स्वतः लिहिलं काय किंवा तिच्या वतीने भावाने लिहिलं काय, फरक पडत नाही. कोर्टाचा आदेश मागत बसायचं नाही.

मंडळाचे चालक सज्जन असतात, तक्रार वाचून अस्वस्थ होतात. ते पुतण्याला बोलावतात. त्याला होस्टिंगचा पासवर्ड माहीत असतो. तो डेटाबेस उघडतो, ते स्थळ पुसतो, ज्या खात्यावरून ते टाकलं ते खातं पुसतो, फोल्डरमधला फोटोही पुसतो. साडेसातला काम फत्ते. मुदत पाळली गेली, मुलीला दिलासा मिळाला, इथवर सगळं ठीक.

बुधवारी पोलीस ठाण्याचं लेखी पत्र येतं. हे स्थळ कोणत्या मोबाइल नंबरवरून नोंदवलं, ओटीपी कधी आला, आयपी पत्ता कोणता, या खात्यावरून कोणाकोणाला निरोप गेले? नियमाप्रमाणे उत्तर द्यायला ७२ तास असतात. सांगायला मात्र काहीच उरलेलं नसतं, कारण जे पुसलं गेलं तोच पुरावा होता. त्याच नियमांत असंही आहे की काढलेला मजकूर आणि त्याच्याशी संबंधित नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, आणि न्यायालयाने किंवा तपास यंत्रणेने सांगितलं तर त्याहूनही जास्त. खातं बंद झालं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवावीच लागते. म्हणजे मुदत पाळण्याच्या घाईत दुसराच नियम मोडलेला असतो, आणि ज्या मुलीसाठी धावपळ केली तिच्याच तपासाची वाट अडते.

मग आम्हाला फोन येतो. आमचा बॅकअप रोज पहाटे दोन वाजता होतो. तो वेगळ्या सर्व्हरवर उघडावा लागतो, फोटो वेगळ्या साठ्यात असतात ते जुळवावे लागतात, आणि तुमची चालू साइट बिघडू नये म्हणून हे सगळं बाजूला करावं लागतं. पूर्ण दिवस जातो. एवढं करून मिळतं ते शनिवारी पहाटेपर्यंतचंच. शनिवारी दिवसभरात त्या खात्यावरून गेलेले निरोप, म्हणजे तपासाला नेमके हवे असलेले, कायमचे गेलेले असतात. वार्षिक देखभाल करारात बॅकअप उघडण्याचं काम येत नाही, त्याचे पैसे वेगळे पडतात. त्यावरून कुरबूर होते हे आम्हाला माहीत आहे, पण हे काम खरोखरच टाळता येण्यासारखं आहे.

त्यासाठीच पॅनेलमध्ये "दृश्य बंद" हे बटण आहे. ते दाबलं की स्थळ शोधातून, थेट दुव्यावरून आणि ॲपमधून नाहीसं होतं, फोटोचा दुवाही बंद होतो, आणि त्या खात्याला आत येता येत नाही. आत मात्र मूळ मजकूर, फोटो, निरोप, नोंदणीचा नंबर आणि लॉग जसेच्या तसे गोठतात, आणि १८० दिवसांनंतरची तारीख आपोआप पडते. त्या तारखेपर्यंत तपासाचं पत्र आलं नाही तर प्रणाली स्वतःच सगळं पुसते. कायमचं डिलीट करायचं बटण आम्ही दिलेलं नाही ते याच कारणाने, आणि कितीही आग्रह झाला तरी देणार नाही. "मी नाव काढायला सांगितलं तरी माहिती ठेवता कशी?" असं एखाद्या सभासदाने विचारलं तर त्याला हेच सांगा: कोणाला दिसणार नाही, पण कायद्याने सांगितलेले दिवस जपून ठेवावी लागते.

बंद केल्यावर एक गोष्ट न चुकता करा. लॉगिन नसलेल्या दुसऱ्या फोनवरून तो जुना दुवा उघडून बघा. तुमच्या स्वतःच्या फोनवर ब्राउझरच्या साठ्यातलं जुनं पान दिसतं, आणि आमच्याकडे "अजून दिसतंय" असे फोन येतात.

आता वकिलाच्या नोटिशीबद्दल. तिला घाबरून मजकूर काढलाच पाहिजे असं नाही. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम ७९ मधली "प्रत्यक्ष माहिती" म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा अधिकृत सरकारी सूचना. कोणाही माणसाचं पत्र नव्हे. असा आदेश आला तर पूर्वी ३६ तास होते, आता ३ तास आहेत. सरकारी सूचना कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून यावी हेही ठरलेलं आहे, त्यामुळे ठाण्यातून आलेला फोन म्हणजे काढण्याचा आदेश नव्हे. पण नोटीस टोपलीतही टाकू नका. ती तक्रार म्हणून नोंदवा, २४ तासांत पोच द्या आणि ७ दिवसांच्या आत निकाली काढा. काही प्रकारच्या तक्रारींना याहून कमी मुदत आहे, ती पॅनेल दाखवतं. तक्रार रास्त वाटली तर मजकूर स्वतःहून बंद करायला हरकत नाही. तसं केल्याने संरक्षण जात नाही, हे नियमांतच लिहिलेलं आहे.

एका बाबतीत मात्र कोणतंही बटण तुम्हाला वाचवणार नाही. कलम ७९ दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरापुरतंच आहे. ज्याने निरोप कोणाला जावा हे ठरवलं नाही आणि मजकूर निवडला किंवा बदलला नाही, त्याच्यासाठी ते आहे. पुष्कळ मंडळांत कार्यालयातली ताई बायोडेटा नीट करून लिहिते, पगाराचा आकडा "सुधारते", आणि निवडक स्थळांची पीडीएफ व्हॉट्सॲप गटांवर पाठवते. ही मंडळाची जुनी, प्रेमाने केलेली सेवा आहे, ती बंद करा असं आम्ही म्हणत नाही. पण त्या पीडीएफबद्दल तक्रार आली तर "आम्ही फक्त जागा दिली" असं म्हणणं अवघड जाईल. "पडताळणी केलेले स्थळ" हा शिक्का तर सरळ मंडळाचंच विधान आहे. कागद पाहिले असतील तरच तो लावा, आणि कोणते पाहिले ते शेजारी लिहा. प्रणाली आपोआप फोटोचा आकार बदलते किंवा सभासदाने निवडलेल्या निकषांवर स्थळं दाखवते, त्याची काळजी नको. मायस्पेसच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली आपोआप होणारे असे बदल वेगळे मानले होते.

संरक्षण गेलं म्हणजे लगेच शिक्षा झाली असा अर्थ नाही. दोष सिद्ध करावाच लागतो. पण मग सुरुवातीलाच बाहेर पडायचं दार बंद होतं, आणि तारखांना तुम्हाला उभं राहावं लागतं.

देखभाल करार असलेल्या मंडळांना तक्रार पेटीचा विभाग आम्ही त्यातच देतो. तक्रार आली की दोन मोबाइलवर एसएमएस जातो, उरलेला वेळ पॅनेलवर दिसतो, आणि सभासदांना दर तीन महिन्यांनी द्यायची नियमांची आठवण आपोआप जाते. तक्रार निवारण अधिकारी मात्र तुमचाच माणूस हवा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळक द्यावा लागतो, तिथे आमचं नाव टाकू नका. दुसरा मोबाइल नंबर अशा माणसाचा द्या जो लग्नाच्या मोसमात शनिवार-रविवारीही फोन पाहतो. दोन तास फार पटकन जातात.

आम्हाला फोन कराल तेव्हा स्थळाचा नोंदणी क्रमांक हाताशी ठेवा. पत्र किंवा आदेश आला असेल तर त्याची सगळी पानं पीडीएफ करून मेल करा, व्हॉट्सॲपवर अर्ध्या पानाचा स्क्रीनशॉट नको. जावक क्रमांक आणि अधिकाऱ्याची सही बहुधा खालच्याच अर्ध्यात असते. होस्टिंगचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे याची यादीही त्याच मेलमध्ये पाठवा. तो बदलून फक्त तुमच्या अधिकाऱ्याकडे ठेवायचं काम आम्ही विनाशुल्क करतो.